सगळे आकडे जुळले, तरी कोपऱ्यात दोन घरं रिकामीच (नंबरलिंक)

चौथी_सीट

मंडळी, आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी पावसाळी खेळांसाठी कोड्यांचे कागद वाटले आहेत. त्यातलं एक खाली देतोय. सारख्या आकड्यांच्या जोड्या रेघेने जोडायच्या, रेघ आडवी किंवा उभीच जाणार, तिरकी नाही. रेघा एकमेकींना छेदायच्या नाहीत आणि खाली ठळक अक्षरात लिहिलंय की एकही घर रिकामं राहता कामा नये.

```
    अ ब क ड इ
१   . . . . .
२   . . . . .
३   १ २ ३ २ १
४   . ४ . . .
५   . . ४ ३ .
```

बोरिवली ते चर्चगेट अख्खा प्रवास यात गेला. १, २ आणि ३ व्यवस्थित बसतात. ४ तर अगदीच जवळ आहेत, ब४ वरून ब५ आणि तिथून क५, झालं. पण मग अ४ आणि अ५ ही दोन घरं उरतात. कोडं चुकलंय का? काकांना विचारलं तर ते नुसतं हसतात.

पावभाजी_कमी_बटर

४ लिहिलंय म्हणजे रेघ चार घरांची हवी ना? तुमची तीनच घरांची झाली. एक घर वाढवून बघा.

चौथी_सीट

नाही हो, तसं कुठे लिहिलेलं नाही. आणि तसं असतं तर १ च्या दोन टोकांचं काय करणार? एका घराची रेघ कशी काढायची?

पावभाजी_कमी_बटर

हां, ते दुसरं कोडं असेल मग. त्यात आकड्याइतकी घरं घ्यायची असतात. चालू द्या.

अण्णा_माटुंगा

कोडं चुकीचं आहे. मी ही जपानी कोडी फार वर्षं सोडवतोय. तिथे एक पक्का नियम आहे: रेघ स्वतःच्याच अंगाला कधी घासत नाही. म्हणजे एकाच रेघेची दोन घरं शेजारी आली तर ती थेट जोडलेलीच असतात, मध्ये वळसा नसतो. तुमच्या कोड्यात अ४ आणि अ५ भरायची तर ४ लाच वळसा घालावा लागेल, आणि मग ब४ आणि ब५ शेजारी असून न जोडलेली राहतील. असं होत नाही. काकांनी उतरवताना गडबड केली आहे.

रेघोट्या

अण्णा, नियम तुम्ही बरोबर सांगताय, पण तो या कागदाला लागू नाही. तो आला कुठून ते बघू.

निकोली ही जपानी प्रकाशन संस्था छापते त्या नंबरलिंकच्या नियमांत सगळी घरं भरा असं म्हटलेलंच नाही. जोड्या जोडा, छेदू नका, फाटे फोडू नका, एवढंच. पण कोड्याला एकच उत्तर असतं हे गृहीत असतं. आता समजा एखादी रेघ वळसा घालून स्वतःच्या शेजारी आली. मग तो वळसा कापून आडवाटेने गेलं तरी ते उत्तर नियमात बसतं, कारण घरं रिकामी राहिली तरी चालतात. म्हणजे उत्तरं दोन झाली. एकच उत्तर हवं असेल तर असा वळसा मुळात असूच शकत नाही. तुमचा नियम हा असा निघतो.

इथे मात्र भरणं हीच अट आहे. वळसा कापला की दोन घरं रिकामी पडतात, म्हणजे ते उत्तरच नाही. सगळा युक्तिवाद तिथेच गळून पडतो. मोबाइलवर २०१२ साली आलेल्या फ्लो फ्रीमुळे आपल्याकडे बहुतेकांना हा भरण्याचा प्रकारच माहीत आहे, म्हणून दोन्हींच्या युक्त्या एकमेकांत मिसळतात.

चौथी सीट, कोडं बरोबर आहे. उत्तर देऊ की इशारा?

चौथी_सीट

इशारा द्या. उत्तर तर काकाही देतील, पण मग आठवडाभर ऐकवतील.

रेघोट्या

मग आधी आकडे विसरा. रिकाम्या घरांकडे बघा.

भरण्याच्या प्रकारात रिकाम्या घरातून रेघ आत येते आणि बाहेर जाते, म्हणजे त्याला दोन वाटा लागतातच. आकड्याच्या घराला एकच वाट लागते, कारण रेघ तिथे सुरू होते किंवा संपते. या एका गोष्टीवर निम्मं कोडं सुटतं.

कोपऱ्यातल्या घराला मुळात दोनच शेजारी असतात. कोपरा रिकामा असेल तर त्या दोन्ही वाटा वापराव्याच लागतात, मग रेघ कुठल्याही आकड्याची असो. तुमच्या कागदावर चारही कोपरे रिकामे आहेत. चारही ठिकाणी पेन्सिलीने वळण काढून ठेवा. त्यानंतर डावीकडच्या खालच्या कोपऱ्याजवळ ब५ ला थांबा आणि त्याला आणखी कुठे जाता येतं ते मोजा.

निशिगंधा

आमच्याकडेही असंच एक घोळाचं कोडं आहे. भाच्याने शाळेच्या बसमध्ये मित्राच्या पुस्तकातून वहीत उतरवून घेतलं. सहा बाय सहा आहे. घरात चौघांनी डोकं फोडून घेतलं, कुणालाच सुटलं नाही. यालाही सगळी घरं भरायची आहेत.

```
    अ ब क ड इ फ
१   . . . . . .
२   १ २ . . . .
३   . . . ४ . .
४   . ५ . ३ . .
५   . . ४ . २ .
६   ३ . . . ५ १
```

पुस्तक परत गेलं आणि मित्राच्या आईने ते रद्दीत घातलं.

सीप्झ_सेकंड_शिफ्ट

मी सर्किट बोर्डचा लेआउट करतो. आमचं रोजचं कामच हे आहे, फक्त उलट्या बाजूने. दोन पिना जोडायच्या, ट्रॅक छेदू द्यायचा नाही. पण आम्हाला जागा भरायची नसते, ट्रॅक जितका आखूड तितका बरा. आणि अगदीच अडलं तर व्हाया मारून दुसऱ्या थरावर उतरता येतं. तुम्हा लोकांना एकच थर मिळतो आणि वर रिकामी जागाही ठेवायची नाही, म्हणजे कठीण आहे. पहिला धागा वाचून मीही हात नेहमीच्या सवयीने ४ ते ४ सर्वांत जवळच्या वाटेने नेला होता.

चौथी_सीट

रेघोट्या, जमलं! सगळ्यांसाठी लिहितो, कुठे निसटत असेल तर सांगा.

खालच्या डाव्या कोपऱ्यात वळण आहे: अ४, अ५, ब५. आता ब५ ला एक वाट अ५ कडे गेली, दुसरी हवी. तिचे उरलेले शेजारी ब४ आणि क५, आणि दोन्हीवर ४ आहे. म्हणजे हे वळण कुठेही गेलं तरी ४ चंच. मग दुसऱ्या टोकाचं अ४ हेही ४ चं झालं. त्याच्या वर अ३ वर १ बसलाय, तिकडे जाता येणार नाही. उरलं ब४. एकदा ब४ ची एकुलती वाट अ४ ला गेली की ब५ ला क५ शिवाय पर्यायच नाही. म्हणून ब४, अ४, अ५, ब५, क५. अण्णा म्हणतात तोच वळसा.

रेघोट्या

काहीच निसटलं नाही. तुमच्या पहिल्या प्रयत्नातही ही चूक कोडं संपेपर्यंत कळायची गरज नव्हती. ब४, ब५, क५ अशी रेघ मारली त्याच क्षणी अ५ ला एकच मोकळी वाट उरते. रिकाम्या घराला एक वाट उरली की ते घर मेलं. तिथेच खोडायचं. बरेच जण जोड्या पूर्ण होतायत ना एवढंच बघतात आणि मेलेलं घर शेवटी सापडतं, तोवर खोडण्यासारखं फार काही होऊन बसतं.

पावभाजी_कमी_बटर

१ ला डावीकडून खाली आणून ती दोन घरं भरली तर? अ३, अ४, अ५.

चौथी_सीट

अ५ वरून पुढे कुठे जाणार? ब५ तर भरलंय. आणि ब५ मोकळं ठेवलं तरी पुढे दोन्हीकडे ४ उभे. मीही ते करून पाहिलं होतं, अंधेरीला.

रेघोट्या

पुढचं आपोआप उलगडतं. उजव्या कोपऱ्यात ३ सुरू होतो ड५ वर आणि वळणाने इ५, इ४ असा येतो. इ४ च्या वर १ आहे, म्हणून डावीकडे ड४. ड४ च्या वर २ आहे, म्हणून क४, आणि क४ वरून क३. तीनची जोडी झाली. खालच्या दोन ओळी संपल्या.

आता तिसऱ्या ओळीतल्या १ ला आणि २ ला खाली जायला जागाच नाही, शेजारी दुसरे आकडे, म्हणून चौघेही वर निघतात. अ३ आणि इ३ हे वरच्या दोन कोपऱ्यांच्या वळणांना जाऊन मिळतात, म्हणजे बाहेरची कमान १ ची. २ ला ब२, क२, ड२ ही आतली कमान. एकदाही अंदाज करावा लागला नाही.

```
१ १ १ १ १
१ २ २ २ १
१ २ ३ २ १
४ ४ ३ ३ ३
४ ४ ४ ३ ३
```

अण्णा_माटुंगा

उत्तर मान्य. पण मला हा भरण्याचा प्रकार आळशीपणाचा वाटतो. कोपरे बघितले की काम झालं, यात कस कुठे लागला? मूळ प्रकारात जोड्यांनी एकमेकींची वाट कशी अडवली आहे हे डोक्यात धरावं लागतं. या कल्पनेला शंभराहून अधिक वर्षं झाली. अमेरिकन कोडेकार सॅम लॉइडने १८९७ साली ब्रुकलिनच्या वर्तमानपत्रातल्या सदरात थोड्या वेगळ्या रूपात असंच कोडं दिलं होतं. तेव्हा घरं भरायची भानगड नव्हती.

रेघोट्या

सुरुवात सोपी होते हे खरं, कारण प्रत्येक रिकामं घर काहीतरी सांगत असतं. पण मोठ्या जाळीत तुमचा वळशाचा नियम हातातून जातो आणि रेघा नागमोडी व्हायला मोकळ्या होतात, तिथे हा प्रकार छळतो. सोपा आणि अवघड हे जाळीवर ठरतं, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकतं.

निशिगंधा, तुमच्याकडे येतो. ते कोडं सुटणारच नाही, आणि हे एकही रेघ न मारता सांगता येतं.

जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवा, अ१ काळं, ब१ पांढरं, असं आलटून पालटून. रेघ एक घर सरकली की रंग बदलतो. एका रेघेची दोन्ही टोकं काळी असतील तर तिच्यात काळी घरं पांढऱ्यांपेक्षा एकाने जास्त असणार. दोन्ही पांढरी असतील तर उलट. एक काळं एक पांढरं असेल तर बरोबरी. सहा बाय सहामध्ये अठरा काळी आणि अठरा पांढरी घरं आहेत. सगळी भरायची तर हे कमीजास्त फिटलंच पाहिजे, आणि ते तेव्हाच फिटतं जेव्हा आकड्यांच्या घरांत काळी आणि पांढरी सारखी असतात.

तुमचे दहा आकडे मोजा. काळ्या घरांवर: ब२ चा २, ब४ चा ५, ड४ चा ३, क५ चा ४, इ५ चा २, फ६ चा १. झाले सहा. पांढऱ्यांवर: अ२ चा १, ड३ चा ४, अ६ चा ३, इ६ चा ५. फक्त चार. चौघांनीच काय, अख्ख्या सोसायटीने बसून सुटणार नाही.

निशिगंधा

म्हणजे भाच्याने चुकीचं उतरवलं! पण नेमकं कुठे?

रेघोट्या

ते मोजणीतून कळत नाही. एवढंच म्हणता येतं की एकच आकडा एक घर इकडे तिकडे झाला असेल, तर तो त्या सहा काळ्यांपैकी आहे. शेजारच्या पांढऱ्या घरात ढकलला की पाच पाच होतात. एक घर सरकलेला एकटा आकडा ही मोजणी हमखास पकडते, कारण त्याचा रंग बदलतोच. दोन आकडे सरकले असतील तर चुका एकमेकींना झाकू शकतात. आणि ३ च्या जागी ५ लिहिला गेला असेल तर अजिबात कळणार नाही, रंगाला आकड्याशी देणंघेणं नसतं.

चौथी_सीट

थांबा, माझ्या पाच बाय पाचमध्ये पाच काळे आणि तीन पांढरे येतात. तरी सुटलं की!

रेघोट्या

बरोबरच आहे. पाच बाय पाचमध्ये पंचवीस घरं, कोपऱ्यांच्या रंगाची तेरा आणि दुसऱ्या रंगाची बारा. तो एकाचा फरक रेघांनीच आणायचा, म्हणून टोकांमध्ये काळी दोन जास्त हवीत. तुमच्याकडे नेमकी दोन जास्त आहेत. काकांनी ४ चा आकडा क५ ऐवजी चुकून ब५ वर लिहिला असता तर चार चार झाले असते, आणि ते कोडं कधीच भरलं नसतं.

मोजणी बरोबर आली म्हणजे कोडं सुटतं असं मात्र समजू नका. ती फक्त नापास करते, पास करत नाही.

सीप्झ_सेकंड_शिफ्ट

निशिगंधा यांच्या जाळीत ड४ चा ३ डावीकडे क४ वर सरकवला तर भरतं. कॅन्टीनमध्ये बसून केलं:

```
१ १ १ १ १ १
१ २ २ २ २ १
३ ३ ३ ४ २ १
३ ५ ३ ४ २ १
३ ५ ४ ४ २ १
३ ५ ५ ५ ५ १
```

निशिगंधा

वा! भाच्याला दाखवते. पण पुस्तकात खरंच तिथेच होता का, की दुसरा एखादा आकडा सरकवूनही असंच भरेल?

सीप्झ_सेकंड_शिफ्ट

दुसरे पाच मी करून पाहिले नाहीत, शिफ्ट सुरू झाली.

रेघोट्या

आणि करून दोन तीन ठिकाणी भरलं, तर पुस्तकातलं कुठलं हे तरीही कळणार नाही. तेव्हा मात्र अण्णांसारखं एकच उत्तर गृहीत धरून चाळता येईल: जी दुरुस्ती केल्यावर उत्तर एकच येतं ती ठेवायची. वर दिलेल्या उत्तराला जोडीदार आहे का हे कुणी तपासलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

अण्णा_माटुंगा

बघा, शेवटी आलात ना एकाच उत्तरावर! मी तर सोडवतानाही ते वापरतो. इथे दोन वाटा सारख्याच चालतील असं दिसलं की दोन्ही बाद, कारण मग उत्तरं दोन होतील.

रेघोट्या

चांगल्या संपादकाच्या हाताखालून गेलेल्या कोड्यात वापरा. वहीत उतरवलेल्या किंवा सोसायटीतल्या काकांच्या कोड्यात ते गृहीत धरायचं की नाही, यावर माझं आणि तुमचं जमणार नाही.

पावभाजी_कमी_बटर

या सगळ्यापेक्षा कॉम्प्युटरला का लावत नाही? एक एक वाट करून बघत बसेल, आपल्याला काय.

रेघोट्या

पाच बाय पाचला लावा, क्षणात होईल. पण जाळी आणि जोड्या वाढत गेल्या की नुसतं करून बघणं झेपत नाही. सगळी घरं भरायची अट असलेला हा प्रकार एनपी कम्प्लीट आहे, हे एरिक डिमेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. म्हणजे कुठल्याही आकाराच्या जाळीवर झटपट चालणारी युक्ती कुणाकडे नाही. म्हणून प्रोग्राम लिहिणारेही मेलेलं घर दिसलं की तिथूनच मागे फिरतात. आपण पेन्सिलीने करतो तेच.

चौथी_सीट

काकांनी आज दुसरा कागद दिला, नऊ बाय नऊ. चारपैकी तीन कोपऱ्यांत आकडे बसवलेत. आता सुरुवात कुठून करायची? उरलेल्या एका कोपऱ्यातलं वळण काढलं, पुढे ठप्प.

रेघोट्या

कोपऱ्यातल्या आकड्यालाही दोनच दिशा असतात, त्या दोन्ही करून बघा आणि शेजारच्या कडेच्या घरांच्या वाटा मोजा. कडेवर जिथे दोन आकडे एक घर सोडून बसलेत, ते मधलं घर शोधा. त्याला तीनच शेजारी, त्यातले दोन आकडे. वाटा दोन हव्यात, म्हणजे आतल्या बाजूला जाणारी एकच वाट टाळायची तर दोन्ही आकड्यांना जोडावं लागेल, आणि दोन्ही आकडे वेगळे असतील तर ते शक्य नाही. मग त्या घरातून रेघ आत जाणारच, आणि ती दोघांपैकी एकाची असणार. कुणाची, ते तिथे लगेच कळत नाही, पण दोनच शक्यता उरतात.

दुसरं, एखादी रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण झाली की जाळीचे दोन तुकडे होतात. प्रत्येक आकड्याची दोन्ही टोकं एकाच तुकड्यात आहेत का बघा. नसतील तर रेघ चुकली. असतील तर त्या तुकड्यातली काळी पांढरी घरं आणि आकडे पुन्हा मोजा. निशिगंधांना सांगितलेली मोजणी तुकड्यालाही लागू पडते, फक्त तुकड्याचे स्वतःचे काळे पांढरे मोजावे लागतात.

जाळी इथे टाका, बघू.

चौथी_सीट

टाकतो. रविवारी मेगाब्लॉक आहे, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली की टाइप करायला वेळच वेळ.

अण्णा_माटुंगा

टाकण्याआधी काकांना विचारा, उत्तर एकच आहे का. मी त्याशिवाय हात लावणार नाही.